आकडा खरा, पण कशाचा?

सातारा जिल्ह्यातला एक दूध संघ डोळ्यांसमोर आणा. संघ कल्पित आहे, पण त्याचं काम कुठल्याही संघासारखंच चालतं. कराड, पाटण, सातारा, कोरेगाव आणि खटाव या पाच तालुक्यांतल्या १२० संकलन केंद्रांवर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. किती लिटर आलं, त्यात गाईचं किती, म्हशीचं किती, फॅट किती लागलं, हे सगळं केंद्रावरच्या संगणकात नोंदलं जातं. मुख्य कार्यालयात त्याचं सार एका पानावर दिसतं. वर दोन-तीन ठळक आकडे, खाली आलेख. या पानाला डॅशबोर्ड म्हणतात.

एका सकाळी संकलन अधिकारी अध्यक्षांसमोर हे पान उघडतात. कालचं एकूण संकलन ७६,००० लिटर, सरासरी फॅट ४.४६. एरवी संघाचं रोजचं संकलन ८४,००० लिटरच्या आसपास आणि फॅट ४.६ असतं. बैठकीत लगेच तर्क सुरू होतात. खासगी डेअरीनं भाव वाढवून दूध ओढलं असेल. फॅटही खाली आलंय, म्हणजे कुठंतरी पाणी मिसळलं जातंय. दोन्ही तर्क पटण्यासारखे आहेत आणि दोन्ही चूक आहेत. झालंय एवढंच, की आदल्या संध्याकाळी अधिकाऱ्यांनी कसल्याशा तुलनेसाठी तालुक्यांच्या यादीतून पाटणची खूण काढली होती आणि ती परत लावायची राहून गेली. संगणकानं ती निवड लक्षात ठेवली आणि सकाळी चार तालुक्यांची बेरीज ‘एकूण संकलन’ या मथळ्याखाली दाखवली.

बेरीज बरोबर होती, नोंदीही बरोबर होत्या. पानावर एकच गोष्ट नव्हती: हा आकडा कुणाकुणाचा आहे, हे सांगणारी ओळ.

मोठी चूक पकडली जाते, छोटी निसटते

फिल्टर म्हणजे संगणकाला घातलेली अट. ‘फक्त सकाळची पाळी’, ‘फक्त म्हशीचं दूध’, ‘फक्त कराड’. अट घातली की तिच्यात न बसणाऱ्या नोंदी पडद्यावरून बाजूला होतात. त्या पुसल्या जात नाहीत, हिशेबात घेतल्या जात नाहीत इतकंच. याच सोयीमुळे एकाच पानावर अध्यक्षांना संपूर्ण संघ पाहता येतो आणि पर्यवेक्षकाला आपला तालुका.

आता आपल्या उदाहरणात अधिकाऱ्यांनी चुकून फक्त खटाव ठेवलं असतं, तर पडद्यावर दहा-बारा हजार लिटर दिसले असते. तेव्हा कुणीही म्हणालं असतं, ‘हे काहीतरी चुकलंय, बघा जरा.’ इतका विचित्र आकडा स्वतःच आपली चुगली करतो. पण ८४,००० चे ७६,००० होणं म्हणजे साडेनऊ टक्क्यांची घट, आणि अशी घट खरोखर होऊ शकते. ती काळजी वाटण्याइतकी मोठी आहे, पण शंका यावी इतकी मोठी नाही. सगळ्यात जास्त नुकसान असा, थोडंसंच वगळणारा फिल्टर करतो.

सरासरी तर याहून फसवी. संघाच्या ८४,००० लिटरपैकी ६०,००० लिटर गाईचं आणि २४,००० लिटर म्हशीचं आहे असं धरू. सोयीसाठी सगळीकडे गाईच्या दुधाला ३.८ आणि म्हशीच्या दुधाला ६.६ फॅट लागतं असंही मानू. लिटरच्या प्रमाणात सरासरी काढली की ती ४.६ येते. आता पाटणहून ८,००० लिटर येतं आणि त्यात म्हशीचं दूध जास्त आहे: ६,००० म्हशीचं, २,००० गाईचं. पाटण वगळलं की उरतं ५८,००० लिटर गाईचं आणि १८,००० लिटर म्हशीचं, आणि सरासरी येते ४.४६. एकाही जनावराचं दूध पातळ झालेलं नाही. फक्त मिश्रणातला म्हशीच्या दुधाचा वाटा घटला. बेरीज घटली तर ‘काही राहिलं का?’ असा प्रश्न निदान मनात येतो. सरासरी, टक्केवारी, दर लिटरचा खर्च अशा आकड्यांकडे पाहून नोंदी कमी आहेत की पूर्ण, हे कळायला काहीच मार्ग नसतो. म्हणून सरासरीच्या शेजारी ती किती नोंदींवरून काढली आहे, हे छापणं गरजेचं आहे. ‘४.४६ (१०८ केंद्रे)’ असं दिसलं असतं, तर १२० केंद्रं तोंडपाठ असलेला अधिकारी तिथंच थबकला असता.

फिल्टर येतो कुठून?

‘ज्यानं फिल्टर लावला त्याला ठाऊक असणारच’ असं वाटतं. पण पडद्यावरचे बरेच फिल्टर पाहणाऱ्यानं त्या क्षणी लावलेलेच नसतात.

पहिला प्रकार वर आलाच: कालची निवड आज टिकून राहणं. मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय या डॅशबोर्ड बनवण्याच्या बहुवापरातल्या साधनात ही मुद्दाम दिलेली सोय आहे. वाचकानं केलेली निवड पुढच्या वेळी तशीच परत मिळते. रोज एकच तालुका पाहणाऱ्याला ती वरदान आहे आणि अधूनमधून पाहणाऱ्याला सापळा. अहवाल बनवणारा ती बंद करू शकतो.

दुसरा प्रकार दुसऱ्या पानावरून येतो. अहवालाला चार पानं असतील, तर एका पानावर निवडलेला तालुका बाकीच्या पानांनाही लागू व्हावा, अशी जोडणी करता येते. निवडीची चौकट एखाद्या पानावर दिसत नसली, तरी तिचा परिणाम तिथं होत राहील, अशीही व्यवस्था त्यात शक्य आहे. वाचक तिसऱ्या पानावर असतो आणि त्याच्या आकड्यावर सत्ता पहिल्या पानाची असते.

तिसरा प्रकार नुसत्या बोटाच्या स्पर्शानं घडतो. आलेखातल्या ‘कोरेगाव’च्या खांबावर टिचकी बसली की पानावरचे बाकीचे आलेख आणि ठळक आकडे फक्त कोरेगावचे होतात. कळण्याची खूण एवढीच की उरलेले खांब थोडे फिके होतात. मोबाइलवर पान सरकवताना अशी टिचकी नकळत बसते, आणि सरकवलेल्या पानावर तो फिका झालेला आलेख नजरेआड गेलेला असतो.

चौथा प्रकार बनवणाऱ्यानं आत पेरलेला असतो. ‘बंद पडलेली केंद्रं धरू नका’, ‘चाचणीच्या नोंदी वगळा’ अशा अटी तो अहवालाच्या पोटात घालतो आणि वाचकांना गोंधळ नको म्हणून लपवतो. हेतू चांगला असतो. पण वर्षभरानं बंद पडलेलं केंद्र पुन्हा सुरू होतं, अट तशीच राहते आणि त्या केंद्राचं दूध कुठल्याच आकड्यात येत नाही.

तारखेची अट यांतली सर्वांत निसरडी. ‘आज’, ‘गेले ७ दिवस’ हे शब्द स्पष्ट वाटतात, पण आज कुठल्या घड्याळाचा? पॉवर बीआयच्या ऑनलाइन सेवेत अशा सापेक्ष तारखा जागतिक प्रमाणवेळेनुसार मोजल्या जातात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे पहाटे साडेपाचपर्यंत त्या संगणकाच्या लेखी ‘आज’ उजाडलेलाच नसतो. सव्वापाचला सकाळच्या पाळीचं दूध यायला लागलेलं असतं आणि ‘आज’ लिहिलेल्या पानावर कालचे आकडे असतात. शिवाय ‘गेले ७ दिवस’ यात अर्धवट झालेला आजचा दिवस धरला की नाही, हेही त्या शब्दांवरून कळत नाही. म्हणून पानावर ‘२६ मे ते १ जून २०२५’ असं लिहावं.

नियंत्रण दडलं, तशी माहितीही दडली

संगणकशास्त्रात या जातीच्या चुकीचा अभ्यास जुना आहे. एकच कृती यंत्राच्या स्थितीप्रमाणे वेगवेगळा परिणाम देते आणि माणसाला ती स्थिती ठाऊक नसते, तेव्हा होणाऱ्या चुकांची मांडणी डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला केली. कॅप्स लॉक चालू असताना पासवर्ड टाकणं हे त्याचं रोजचं उदाहरण. बोटं बरोबर चालतात, पासवर्ड आठवत असतो, तरी तो चूक ठरतो. झेरॉक्सच्या संशोधन केंद्रात काम केलेले लॅरी टेस्लर तर अशा स्थितीच नकोत म्हणून इतके आग्रही होते, की त्यांच्या गाडीच्या नंबरप्लेटवर ‘NO MODES’ असं लिहिलेलं होतं. पण फिल्टर काढून टाकले तर डॅशबोर्डचा उपयोगच संपतो. मग उरतो दुसरा मार्ग: स्थिती राहू द्यायची, पण ती सतत डोळ्यांसमोर ठेवायची. जेकब नील्सन यांनी १९९४ साली पडद्याच्या रचनेचे जे दहा निकष मांडले, त्यांत पहिलाच निकष आहे तो यंत्राची सध्याची स्थिती माणसाला दिसत राहण्याचा.

गंमत म्हणजे फिल्टरच्या आरंभीच्या नमुन्यांत ही अडचण जवळजवळ नव्हती. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात बेन श्नायडरमन आणि ख्रिस्तोफर विल्यमसन यांनी १९९२ साली ‘होमफाइंडर’ नावाचा प्रयोग केला. वॉशिंग्टन शहराच्या नकाशावर विक्रीची घरं ठिपक्यांच्या रूपात दिसत. शेजारी किमतीची, खोल्यांची, अंतराची सरकपट्टी. पट्टी सरकवली की ठिपके लगेच कमी-जास्त होत. फिल्टर लावण्याचं साधन तेच, आणि किती फिल्टर लागलाय हे दाखवणारं मापही तेच, दोन्ही एकाच पडद्यावर.

पुढे पडदे लहान झाले, अटी वाढल्या आणि सगळ्या सरकपट्ट्या, याद्या आणि खुणांच्या चौकटी गाळणीच्या चिन्हामागे किंवा बाजूला सरकणाऱ्या पट्टीत गेल्या. जागा वाचली. पण नियंत्रण दडवताना त्याच्यासोबत स्थितीही दडली, आणि ती वेगळी दाखवावी लागेल हे बऱ्याच ठिकाणी कुणाच्या लक्षात आलं नाही.

ओळ कशी लिहावी

उपाय एका ओळीचा आहे. तो आकड्याच्या लगतच, मथळ्याखाली हवा. आपल्या संघाच्या पानावर ती ओळ अशी दिसेल:

‘१ जून २०२५ • दोन्ही पाळ्या • ५ पैकी ४ तालुके (पाटण वगळून) • गाय व म्हैस’

यातला ‘पाटण वगळून’ हा भाग महत्त्वाचा. बहुतेक साधनं निवडलेली नावं छापतात: ‘कराड, कोरेगाव, खटाव, सातारा’. या यादीत काय नाही, हे वाचकानं स्वतः ओळखायचं असतं, आणि नसलेलं नाव डोळ्यांना दिसत नाही. निवडलेली नावं थोडी असतील तेव्हा ती लिहावीत, वगळलेली थोडी असतील तेव्हा वगळलेली लिहावीत. दोन्ही लांब असतील तर ‘१२० पैकी १०८ केंद्रे’ एवढं तरी लिहावंच. त्यातला ‘१२० पैकी’ गाळला तर वाक्य निरर्थक होतं.

काहीच निवडलेलं नसेल तेव्हाही ओळ गप्प बसू नये. काही साधनांत एकही खूण नसणं म्हणजे ‘सर्व’, तर काहींत ‘एकही नाही’. वाचकानं हा नियम पाठ करण्यापेक्षा ‘सर्व तालुके’ असं स्पष्ट लिहिणं सोपं. आणि अटी लावल्यावर एकही नोंद उरली नाही, तर ‘०’ दाखवू नये. ‘या अटींत बसणारी नोंद नाही’ असं लिहावं. शून्य लिटर दूध आलं आणि दूध मोजायला घेतलंच नाही, यांत फरक आहे.

प्रत्येक अटीपुढे ती काढण्याची फुली असावी. मात्र ‘सगळे फिल्टर काढा’ हे बटण जपून द्यावं. ते दाबल्यावर तारखेची अटही गेली, तर पडद्यावर संघाच्या सगळ्या वर्षांची बेरीज येईल. वाचकाला बहुधा हवं असतं ते ‘मूळ स्थितीवर आणा’: कालची तारीख, सर्व तालुके, दोन्ही पाळ्या. ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांना वेगळी नावं हवीत.

आणखी एक बारकावा. काही पानांवर खुणा बदलल्यावर ‘लागू करा’ हे बटण दाबावं लागतं. खुणा बदलल्या, पण बटण दाबलं नाही, तर चौकटीत एक दिसतं आणि आकडा दुसऱ्याचाच असतो. वरच्या ओळीनं अशा वेळी आकड्याची बाजू घ्यावी. जी अट मोजणीत प्रत्यक्ष वापरली गेली, तीच ओळीत दिसावी. पानावरचा एखादा आलेख मुद्दाम फिल्टर पाळत नसेल, समजा संपूर्ण संघाचा वार्षिक कल दाखवत असेल, तर त्याच्या डोक्यावर ‘हा आलेख नेहमी पूर्ण संघाचा’ असं लिहिलेलं हवं.

ओळ रंगावर भागवू नये. निळं गाळणीचं चिन्ह काळ्या-पांढऱ्या छपाईत हरवतं आणि काही रंगांधळ्या वाचकांना वेगळं दिसत नाही. आणि आकडा पानाबाहेर गेला, की ओळही त्याच्यासोबत जायला हवी. बैठकीचा आकडा बहुतेक वेळा व्हॉट्सअॅपवर स्क्रीनशॉट म्हणून फिरतो किंवा पीडीएफमधून पुढे जातो. ओळ बाजूच्या पट्टीत असेल तर कापलेल्या चित्रात ती उरत नाही. आकड्याच्या चौकटीतच असेल तर उरते.

लपवलेल्या नोंदी फाइल बदलताना काय करतात, याचं न्यायालयीन कागदपत्रांत नोंदलेलं उदाहरण २००८ सालचं आहे. लेहमन ब्रदर्स बुडाल्यावर बार्कलेज बँक तिचा काही भाग विकत घेत होती. घ्यायच्या करारांची यादी एक्सेलमध्ये होती. नको असलेल्या १७९ करारांच्या ओळी पुसलेल्या नव्हत्या, लपवलेल्या होत्या. न्यायालयात देण्यासाठी यादीची पीडीएफ करताना त्या ओळी पुन्हा उघड्या झाल्या आणि नको असलेले करारही यादीत गेले. चूक दुरुस्त करून घेण्यासाठी बँकेला पुन्हा न्यायालयात अर्ज करावा लागला.

एक्सेलवाल्यांसाठी

डॅशबोर्ड वापरत नसलेल्यांनाही हा प्रश्न रोज भेटतो. सोसायटीच्या हिशेबाची किंवा शाळेच्या हजेरीची एक्सेल फाइल फिल्टर लावलेल्या अवस्थेतच सेव्ह होते आणि तशीच पुढच्याकडे जाते. तिथं ओळखायच्या खुणा दोन. डावीकडचे ओळींचे क्रमांक निळे झालेले असतात आणि मधले काही गायब असतात: १४ नंतर एकदम २७. शिवाय ज्या स्तंभावर अट आहे, त्याच्या मथळ्यातल्या बाणाच्या जागी गाळणीचं चिन्ह येतं.

बेरजेचंही लक्षात ठेवायला हवं. `SUM` फिल्टर मानत नाही. लपलेल्या ओळी धरूनच बेरीज देतो. `SUBTOTAL` फिल्टरनं लपवलेल्या ओळी सोडून देतो. दोन्ही बरोबर आहेत, पण एकाच पानावर दोन्ही असतील आणि कुठला कुठं आहे हे लिहिलेलं नसेल, तर भांडण ठरलेलं. वर म्हटलेली ओळ एक्सेलमध्येही करता येते. केंद्रांची नावं B4 ते B123 या १२० कप्प्यांत असतील, तर तक्त्याच्या वरच्या मोकळ्या ओळीत हे सूत्र टाकावं:

```
=COUNTA(B4:B123)&" पैकी "&SUBTOTAL(103,B4:B123)&" केंद्रे दिसत आहेत"
```

`COUNTA` सगळे भरलेले कप्पे मोजतो आणि १०३ हा क्रमांक दिलेला `SUBTOTAL` फक्त दिसणारे. पाटणची १२ केंद्रं वगळली की ‘120 पैकी 108 केंद्रे दिसत आहेत’ असं आपोआप उमटतं. सूत्र तक्त्याच्या आत ठेवू नये, नाहीतर फिल्टर लावल्यावर तेच लपायचं.

गूगल शीट्समध्ये धोका वेगळा आहे. तिथं एकानं साधा फिल्टर लावला, की त्याच फाइलवर काम करणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावरून त्या ओळी जातात. स्वतःपुरतं पाहायचं असेल, तर ‘फिल्टर व्ह्यू’ वापरावा. त्यात तक्त्याभोवती गडद पट्टी येते आणि दुसऱ्यांचं पान तसंच राहतं.

ओळ जे सांगू शकत नाही

ओळ छापली म्हणजे ती वाचली जाईल, असं नाही. रोज तीच दिसणारी ओळ आठवडाभरात नजरेला दिसेनाशी होते. म्हणून मूळ स्थितीत ती साधी आणि बारीक असावी, आणि मूळ स्थितीपासून काही बदललं की ठळक व्हावी, तीही फक्त बदललेल्या भागापुरती.

काही अटी तर फिल्टर म्हणून दिसतच नाहीत. अनेक यंत्रणांत प्रत्येकाला त्याच्या अधिकारापुरत्याच नोंदी मिळतात. कराडचा पर्यवेक्षक ‘सर्व तालुके’ निवडतो, तरी त्याला फक्त कराड दिसतं, कारण त्याच्या लेखी तेवढाच संघ अस्तित्वात आहे. ही मर्यादा तो काढू शकत नाही, पण त्याला ती कळायला हवी. ‘तुमच्या अधिकारातील केंद्रे: २९’ एवढं वर लिहिलं, तर त्याचा आणि अध्यक्षांचा आकडा का जुळत नाही, यावर बैठकीत वेळ जाणार नाही.

आणि नोंद मुळात आलीच नसेल, तर कुठलीही ओळ तिच्याबद्दल बोलणार नाही. एखाद्या केंद्राचं इंटरनेट बंद होतं म्हणून त्याचं दूध आकड्यात नसेल, तर तो फिल्टर नव्हे, पण परिणाम तोच. म्हणून शेवटी एक ताळा पानाबाहेरचा लागतो. फिल्टरशिवायचा एकूण आकडा रोज एका स्वतंत्र नोंदीशी पडताळून पाहायचा. दूध संघात ती नोंद म्हणजे मुख्य डेअरीत टँकर रिकामे करताना मोजलेले लिटर. डॅशबोर्डवरची ‘पाच पैकी पाच तालुके, १२० पैकी १२० केंद्रे’ ही ओळ आणि टँकरची बेरीज वाहतुकीतली किरकोळ तूट सोडून जुळली, तर घटीच्या कारणांची चर्चा सुरू करायला हरकत नाही. जुळली नाही, तर खासगी डेअरीला दोष देण्याआधी खुणांची यादी उघडावी.